एक वृत्तान्त, बोलायला तीन लांबी: कट कुठे आणि कसा ठेवायचा

सकाळच्या बातम्यांत ३० सेकंद, दुपारी दीड मिनिट आणि संध्याकाळच्या वार्तापत्रात ३ मिनिटं. मजकूर तोच, लिहिणारा तोच आणि बहुतेक वेळा आवाजही तोच. रेडिओवर काम करणाऱ्याच्या हे रोजचंच अंगवळणी पडलेलं असतं. सामुदायिक केंद्रं चालवणाऱ्यांना आणि मोबाइलवर ध्वनी-बातमीपत्र पाठवणाऱ्यांनाही हल्ली ते करावं लागतं. बहुतेक जण मोठा मजकूर वाचायला घेतात आणि वेळ संपेल तिथे थांबतात. मीही काही वर्षं तसंच केलं. त्यात काय बिघडतं ते आधी सांगतो, कारण पुढची पद्धत त्यातूनच निघाली.

एका केंद्रावर असताना मी पाणीपुरवठ्याची ३ मिनिटांची बातमी ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. 'उद्यापासून दोन दिवस शहरात पाणी येणार नाही' हे पहिलं वाक्य. मग जलवाहिनीची दुरुस्ती, पालिकेचं निवेदन, टँकरची सोय. आणि मिनिटभराने, 'ही बंदी फक्त नदीपलीकडच्या भागापुरती आहे'. दुपारी वेळ कमी पडला म्हणून निर्मात्याने तो तुकडा ४० सेकंदांवर थांबवला. वाक्य पूर्ण झालं होतं, आवाज नीट खाली उतरला होता, कानाला काहीच खटकत नव्हतं. पण बातमी चुकीची झाली होती. नदीच्या अलीकडच्या लोकांनी त्या संध्याकाळी पिंपं भरून ठेवली. चूक थांबवणाऱ्याची नव्हती, लिहिणाऱ्याची होती. मी कट, म्हणजे बातमी न बिघडता थांबता येईल अशी जागा, ठेवलेला नव्हता, म्हणून त्याला सापडेल तिथे तो थांबला.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालतो. कुठे थांबायचं हे वाचताना ठरवायचं नाही, लिहितानाच ठरवायचं. आणि थांबायच्या प्रत्येक जागी बातमी खरी, पुरी आणि ऐकायला संपलेली वाटली पाहिजे.

हे कसं करायचं ते एका खऱ्या बातमीवर करून बघू. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. लिहिणाऱ्याच्या वाटेत जे जे अडथळे येतात ते जवळपास सगळे या बातमीत आहेत. लांबलचक यादी आहे, सारखी ऐकू येणारी नावं आहेत, आकडे आहेत, आणि एक अशी बारीक अट आहे जी सुटली की बातमी चुकते. छापील वृत्तान्ताची सुरुवात साधारण अशी धरा:

'पॅरिस येथे सुरू असलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात शुक्रवार, ११ जुलै २०२५ रोजी, भारताने नामांकित केलेल्या "मराठा लष्करी भूप्रदेश" या नावाखालील, महाराष्ट्रातील साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी हा एक, अशा एकूण बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश करण्यात आला असून, या यादीतील हे भारताचे ४४वे स्थळ ठरले आहे.'

डोळ्यांनी वाचायला हे चालतं. डोळा मागे जाऊ शकतो, कान जाऊ शकत नाही.

आधी स्वतःचा वेग मोजा

मिनिटाला किती शब्द, याचे आकडे इंग्रजीवरून घेऊ नका. मराठीत विभक्तीचे प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'समितीच्या', 'किल्ल्यांपैकी' यांसारख्या एकेका शब्दाला तोंडात जास्त वेळ लागतो, त्यामुळे मिनिटाला शब्द कमी बसतात. बातमीचाच एखादा ३०० शब्दांचा उतारा घ्या, माइकसमोर बसून नेहमीच्या सुरात वाचा आणि घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचून मोजलेला वेळ नेहमी कमी भरतो. माझा वेग मिनिटाला साधारण ११० शब्द आहे, म्हणून ३० सेकंदांना ५५, दीड मिनिटाला १६५ आणि ३ मिनिटांना ३३० शब्द बसतात. पण पूर्ण भरायचं नाही. कटच्या जागी एखाद्या सेकंदाची शांतता लागते, नावांपाशी आवाज जरा थांबतो, आणि निवेदकाची ओळख त्याच वेळेतून जाते. मी प्रत्येक लांबीत दहावा हिस्सा मोकळा सोडतो. ३० सेकंदांसाठी जास्तीत जास्त ५० शब्द.

काय तुटता कामा नये

लिहायला बसण्याआधी वृत्तान्तावर पेन्सिल घेऊन बसा आणि प्रत्येक विधानाला एकच प्रश्न विचारा. हे गळलं तर उरलेलं चुकीचं होईल का? चुकीचं होत असेल तर ते गाभ्यात, म्हणजे पहिल्या कटच्या आधी. नुसतं कमी रंजक किंवा कमी सविस्तर होत असेल, तर ते पुढे. ही महत्त्वाची विधानं शोधण्याची पद्धत नाही, आणि दोन्हींत फरक आहे. पाण्याच्या बातमीतली 'फक्त नदीपलीकडे' ही अट मला बारीकसारीक वाटली होती, म्हणूनच ती मागे गेली.

किल्ल्यांच्या बातमीत अशा दोन अटी आहेत. पहिली, बारा किल्ले सगळे महाराष्ट्रातले नाहीत. जिंजी तमिळनाडूत आहे. जिंजीचं वाक्य पुढे ढकललं तर ऐकणारा 'महाराष्ट्रातले बारा किल्ले' असंच समजतो, तुम्ही तसं म्हटलेलं नसलं तरी. दुसरी अट जास्त हमखास सुटते. बारा किल्ले म्हणजे यादीत बारा नोंदी नव्हेत. सगळे मिळून एकच स्थळ आहे. हे सांगितलं नाही आणि लगेच 'भारताचं चव्वेचाळिसावं स्थळ' म्हटलं, तर ऐकणाऱ्याचं गणित जुळत नाही. बारा एकदम आले तर चव्वेचाळिसावा कोणता? तो त्या विचारात पडतो आणि पुढची दोन वाक्यं त्याच्या कानावरून निघून जातात.

अकरा किल्ल्यांची नावं मात्र गाभ्यात लागत नाहीत. आपल्या भागातल्या किल्ल्याचं नाव लोकांना ऐकायचं असतं, हे खरं आहे. पण ते नसल्याने बातमी चुकत नाही. रत्नागिरीच्या केंद्रावरून बोलत असाल तर सुवर्णदुर्गाचं नाव जरूर गाभ्यात घ्या, एका शब्दाचाच प्रश्न आहे.

लेखी वाक्य बोलतं करताना

मराठीत क्रियापद शेवटी येतं. वरच्या छापील वाक्यात 'समावेश करण्यात आला' इथपर्यंत पोहोचायला जवळजवळ ५० शब्द लागतात, आणि तोवर ऐकणाऱ्याला काय झालं तेच कळलेलं नसतं. 'सुरू असलेल्या', 'नामांकित केलेल्या', 'नावाखालील' ही सगळी ओझी नामाच्या आधी येतात. बोलताना अशा प्रत्येक 'असलेल्या-केलेल्या'चं स्वतंत्र छोटं वाक्य करायचं. अधिवेशन पॅरिसमध्ये होतं, हे एक वाक्य. भारताने प्रस्ताव पाठवला होता, हे दुसरं. 'करण्यात आला' च्या जागी कोणी केलं ते सांगायचं: समितीने निर्णय घेतला.

नावांची गोष्ट वेगळी आहे. 'रायगड, राजगड' हे दोन शब्द एकापाठोपाठ मोठ्याने म्हणून बघा. बसमध्ये किंवा शेतात मोटर चालू असताना ऐकणाऱ्याला एकच नाव दोनदा आल्यासारखं वाटतं. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांचा शेवट सारखा आहे. त्यातून रायगड आणि सिंधुदुर्ग ही जिल्ह्यांचीही नावं आहेत. 'रायगडमध्ये दोन किल्ले' म्हटलं तर किल्ल्यात किल्ले कसे, असा गोंधळ होतो. म्हणून अशी नावं शेजारी ठेवायची नाहीत, आणि जिल्हा असेल तिथे 'जिल्हा' हा शब्द म्हणायचाच.

आकडे संहितेत अक्षरांत लिहा. ४४ दिसलं की एखादा 'चव्वेचाळीस' म्हणतो, एखादा 'चौवेचाळीस', आणि एखादा क्षणभर अडखळतो. अडखळणं नेमकं कटच्या वाक्यात झालं तर तो तुकडा वाया जातो.

पहिला तुकडा: आधी लहान लिहा

बहुतेकांना मोठं लिहून छाटणं सोपं वाटतं. मला उलटं करायला आवडतं, आणि नव्या माणसालाही मी तेच सांगतो. छाटलेल्या मजकुरात तुटलेले धागे राहतात. कुठे 'त्यामुळे' राहतं, कुठे 'हे दोघे' राहतं, आणि ते कोणाबद्दल होतं ते निघून गेलेलं असतं. लहान तुकडा कोऱ्या कागदावर लिहिला की असे धागे त्यात येतच नाहीत. मग मोठा मजकूर त्याला पुढे जोडत वाढवायचा.

'मराठ्यांचे बारा किल्ले आता जागतिक वारसा ठरले आहेत. पॅरिसमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने शुक्रवारी हा निर्णय घेतला. या बारांपैकी अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत आणि एक, जिंजी, तमिळनाडूत आहे. बारा किल्ले मिळून यादीत एकच नोंद झाली आहे. जागतिक वारसा यादीतलं भारताचं हे चव्वेचाळिसावं स्थळ आहे.'

हे ४४ शब्द होतात, माझ्या वेगाने २४ सेकंद. 'काल' न म्हणता 'शुक्रवारी' म्हटलंय, कारण एकदा मुद्रित केलेला तुकडा शनिवारी सकाळी लागेल आणि रविवारी पुन्हा लागेल. 'मराठा लष्करी भूप्रदेश' हे नोंदीचं औपचारिक नाव मी मुद्दाम वगळलंय. ते नुसतं ऐकून कशाचाही बोध होत नाही आणि समजावायला दोन वाक्यं लागतात. त्याची जागा पुढे आहे.

आणि शेवटचं वाक्य बघा. कटच्या आधीचं वाक्य कसं असावं याचा तो नमुना आहे. त्यात काहीच उघडं राहत नाही. 'यामागे मोठी प्रक्रिया होती' असं वाक्य तिथे असतं तर ऐकणाऱ्याने कान टवकारले असते आणि पुढे काहीच आलं नसतं. नवं नाव, नवा आकडा, प्रश्न किंवा 'पण' यांनी उघडलेलं दार कटच्या आधी बंद झालेलं असावं.

दुसरा तुकडा आणि सांध्याचे नियम

आता पहिल्याला जोडून:

'निवडलेले किल्ले एकाच प्रकारचे नाहीत. साल्हेर, शिवनेरी आणि रायगड डोंगरावर आहेत. सिंधुदुर्ग, खांदेरी आणि सुवर्णदुर्ग समुद्रातल्या बेटांवर आहेत. विजयदुर्ग किनाऱ्यावर आहे, तर प्रतापगड जंगलाने वेढलेल्या डोंगरावर आहे. डोंगर, जंगल, किनारा आणि बेटं यांचा संरक्षणासाठी मराठ्यांनी एकत्र वापर केला. म्हणूनच या नोंदीला नाव दिलंय, मराठा लष्करी भूप्रदेश. हे किल्ले मुख्यतः सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातले आहेत. भारताने प्रस्ताव पाठवला होता जानेवारी दोन हजार चोवीसमध्ये. नंतर दीड वर्ष त्याची छाननी चालली. तज्ज्ञांच्या पथकाने किल्ल्यांची प्रत्यक्ष पाहणीही केली होती.'

हा तुकडा साधारण ७० शब्दांचा आहे. पहिल्यासकट मिनिटभराच्या थोडा वर जातो. निवेदकाची ओळख आणि शांतता धरून दीड मिनिटात आरामात बसतो, शिवाय स्थानिक किल्ल्याबद्दल दोन वाक्यं घालायला जागा उरते.

सांध्यापाशी दोन बाजूंनी बघायचं असतं. कटच्या नंतरचं पहिलं वाक्य सर्वनामाने किंवा 'त्यामुळे', 'तसंच', 'मात्र' अशा शब्दाने सुरू करायचं नाही. म्हणून 'यात डोंगरी किल्लेही आहेत' न लिहिता 'निवडलेले किल्ले एकाच प्रकारचे नाहीत' असं लिहिलं. विषयाचं नाव पुन्हा घेतलं. याचा दुहेरी फायदा होतो. उशिरा रेडिओ लावणाऱ्यालाही इथून बातमी समजते, आणि गरज पडली तर पहिला तुकडा निवेदकाने स्वतः बोलून फक्त दुसरा लावता येतो.

दुसरं, कटच्या आधीच्या मजकुरात पुढचं आश्वासन नको. 'त्याची माहिती पुढे घेऊ', 'याची तीन कारणं आहेत' अशी वाक्यं लांब लेखात शोभतात. इथे तीन कारणं म्हटलीत आणि कट दुसऱ्यानंतर पडला, तर ऐकणारा तिसऱ्याची वाट बघत राहतो. मोजून सांगायचं असेल तर मोजणी एकाच तुकड्यात सुरू करून तिथेच संपवा.

तिसरी गोष्ट मी बऱ्याच उशिरा शिकलो. कटपाशी येणारे शेवटचे तीन शब्द संहितेत दुसरीकडे कुठेही येता कामा नयेत. तांत्रिक बाजू सांभाळणारा माणूस त्या शब्दांवर कान लावून बसलेला असतो. 'चव्वेचाळिसावं स्थळ आहे' ऐकलं की तो आवाज उतरवतो. तेच शब्द आधीच्या एखाद्या वाक्यात येऊन गेले तर तो तिथेच उतरवेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

तिसरा तुकडा: यादी, आणि मधून निघणारा भाग

३ मिनिटांत बारा किल्ल्यांची नावं घ्यायला जागा आहे. पण छापील क्रमाने वाचली तर ती कानात राहत नाहीत. यादी ऐकवायची तर तिला वाट द्यावी लागते, म्हणजे ऐकणारा मनातल्या नकाशावर सोबत चालतो. मी उत्तरेकडून निघून घाटमाथ्याने खाली जातो आणि मग कोकणातही तसाच उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो:

'बारा किल्ले कुठे कुठे आहेत ते बघू. उत्तरेला नाशिक जिल्ह्यात साल्हेर. पुणे जिल्ह्यात तीन: जुन्नरचा शिवनेरी, लोणावळ्याजवळचा लोहगड, आणि राजगड. पुढे सातारा जिल्ह्यात प्रतापगड आणि कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा. कोकणात रायगड जिल्ह्यात महाडजवळ रायगड किल्ला, आणि अलिबागजवळच्या समुद्रात खांदेरी. रत्नागिरी जिल्ह्यात हर्णैसमोर सुवर्णदुर्ग. सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजयदुर्ग, आणि मालवणसमोर सिंधुदुर्ग किल्ला. बारावा किल्ला जिंजी, तो तमिळनाडूत.'

राजगड आणि रायगड यांच्यात आता पुरेसं अंतर पडलंय, आणि दोघांनाही आपापला जिल्हा मिळालाय. वाचून झाल्यावर बोटांवर मोजा, बारा भरतात का. यादी बोलायला मांडताना एखादं नाव गळणं फार सोपं असतं, आणि ज्या गावचं नाव गळतं तिथूनच पहिला फोन येतो.

यानंतर मी एक असा भाग ठेवतो जो शेवटून नाही, मधूनच काढता येतो. ३ मिनिटांचं अडीच करायची वेळ वारंवार येते, आणि दर वेळी शेवटच कापला तर लांब बातमीला कधीच नीट शेवट मिळत नाही.

'जिंजीचं मराठ्यांशी नातं जुनं आहे. शिवाजी महाराजांनी सोळाशे सत्त्याहत्तरमध्ये, दक्षिणेच्या मोहिमेत, हा किल्ला घेतला. पुढे रायगड मोगलांकडे गेला, तेव्हा राजाराम महाराजांनी जिंजीतून राज्य चालवलं. किल्ल्याला मोगलांचा वेढा पडला आणि तो जवळपास आठ वर्षं टिकला. सोळाशे अठ्ठ्याण्णवमध्ये जिंजी पडला.'

आणि शेवट:

'बारा किल्ल्यांपैकी आठ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या ताब्यात आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार किल्ले राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. जागतिक वारसा म्हणून नोंद झाली, तरी किल्ल्यांची देखभाल याच दोन यंत्रणांना करायची आहे.'

मधला भाग काढता येतो का, हे बघायला दोन सांधे तपासावे लागतात. 'तो तमिळनाडूत' नंतर थेट 'बारा किल्ल्यांपैकी आठ' वाचून बघा. जुळतं. आणि मधला भाग ठेवून वाचा. तेही जुळतं. शेवटच्या तुकड्यात राजाराम महाराजांचा किंवा वेढ्याचा उल्लेख असता तर मधला भाग काढताच ऐकणारा चक्रावला असता. नियम साधा आहे. निघणाऱ्या भागात ज्याची ओळख करून दिली, त्याला पुढे हाक मारायची नाही.

हे सगळे तुकडे एकामागोमाग वाचले तर माझ्या वेगाने सव्वादोन मिनिटांच्या आसपास जातात, शांतता आणि निवेदकाची ओळख धरून अडीच. उरलेल्या अर्ध्या मिनिटात एखाद्या दुर्गप्रेमीचा किंवा पायथ्याच्या गावकऱ्याचा आवाज घ्यावा. तो तिसऱ्या तुकड्यातच बसवायचा, आणि त्याच्या आधीचं वाक्य असं ठेवायचं की आवाज काढला तरी ते लटकत राहणार नाही. 'गावकरी काय म्हणतात ऐकू या' हे वाक्य लटकतं. 'पायथ्याच्या गावात शनिवारी लोक जमले होते' हे लटकत नाही.

कागदावरच्या खुणा

प्रत्येक तुकडा वेगळ्या परिच्छेदात. मध्ये आडवी रेघ, रेघेवर कटचा क्रमांक, सुरुवातीपासून तिथवरचा वेळ आणि शेवटचे शब्द. 'कट १, २४ सेकंद, "चव्वेचाळिसावं स्थळ आहे".' मधून निघणाऱ्या भागाला डावीकडे उभी रेघ आणि त्याची लांबी: 'निघेल, २२ सेकंद'. वेळ शब्द मोजून लिहू नका, वाचून लिहा. आणि वाक्य पान उलटून पुढे जाऊ देऊ नका. कटच्या वाक्यात कागदाचा आवाज आला की तो काढता येत नाही.

मुद्रण करताना

प्रत्येक कटच्या वाक्यावर सूर पूर्ण खाली उतरवायचा, जणू बातमी संपली. त्यानंतर एक सेकंद गप्प, आणि मग पुढचा श्वास. पुढे मजकूर आहे हे माहीत असल्याने आवाज नकळत वर राहतो, आणि तिथे तोडल्यावर वाचणाऱ्याला कोणी मध्येच उठवल्यासारखं ऐकू येतं. लांब आवृत्तीत मध्ये सूर उतरला तर ऐकणाऱ्याला तो साधा विराम वाटतो, काही बिघडत नाही. उलट चूक मात्र लपत नाही. शंका असेल तर कटचं वाक्य दोनदा वाचून ठेवा, एकदा उतरत्या सुरात आणि एकदा चालू सुरात.

तोडताना श्वास पुढच्या वाक्याबरोबर जाऊ द्या. शेवटच्या शब्दानंतर श्वासाचा आवाज राहिला तर ऐकणाऱ्याला वाटतं आता आणखी काही येणार. मुद्रण संपल्यावर खोलीची १० सेकंद नुसती शांतता मुद्रित करून ठेवा. मधला भाग काढल्यावर सांध्यात तीच भरायची, कारण संगणकाची निखळ शांतता आणि पंख्याची बारीक घरघर असलेली खोलीतली शांतता यांतला फरक कानाला लगेच कळतो. पार्श्वसंगीत मुद्रणात घालू नका. संगीतासकट तोडलं की सूर मध्येच तुटतो. ते शेवटी, प्रत्येक लांबीसाठी वेगळं घालायचं. Audacity वापरत असाल तर कटच्या जागी कर्सर ठेवून `Ctrl+B` दाबा आणि क्रमांक लिहा. दुसऱ्या माणसाच्या हातात फाइल गेली तरी जागा शोधत बसावं लागत नाही.

कुठे ही पद्धत लावू नये

एखाद्यावर आरोप असलेल्या बातमीत आरोप आणि त्याचं उत्तर एकाच तुकड्यात बसलं पाहिजे. ३० सेकंदांत दोन्ही बसत नसेल तर त्या बातमीची ३० सेकंदांची आवृत्ती करायची नाही, निर्मात्याने कितीही मागितली तरी. अपघात किंवा पुराच्या बातमीत आकडे तासातासाला बदलतात. तिथे आकड्याचं वाक्य एकटं, सुटं मुद्रित करा आणि पहिल्याच तुकड्यात ठेवा, म्हणजे तेवढंच वाक्य पुन्हा वाचून बदलता येतं. आकडा तीन तुकड्यांत विखुरला तर एक जुना राहतोच. आणि एखाद्या माणसाची, हळूहळू उलगडणारी गोष्ट सांगायची असेल तर तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही लागतात. तिथे लहान आवृत्ती पूर्ण वेगळी लिहावी. या सांगाड्यात कोंबली तर ती दोन्ही लांबींत निर्जीव होते.

शेवटची तपासणी

तीन आवृत्त्या तयार झाल्या की सर्वांत लहान आवृत्ती अशा माणसाला ऐकवा ज्याने वृत्तान्त वाचलेला नाही. एकदाच ऐकवायची, आणि मग विचारायचं, काय झालं सांगा. सुधारून घेऊ नका, मदत करू नका. किल्ल्यांच्या बातमीचा माझा पहिला मसुदा मी आमच्या केंद्रावर चहा घेऊन येणाऱ्या काकांना ऐकवला होता. त्यात एकच नोंद झाल्याचं वाक्य नव्हतं, आणि जिंजी दुसऱ्या तुकड्यात होता. काका म्हणाले, 'महाराष्ट्रातले बारा किल्ले गेले म्हणता यादीत, म्हणजे आपले आता बारा वाढले.' दोन्ही चुका एका वाक्यात सापडल्या. जिंजी आणि 'एकच नोंद' पहिल्या कटच्या आधी आले ते त्यानंतर.